काटो-काट्झ स्लाइड कशी करायची आणि मोजलेल्या अंड्यांवरून ईपीजी कसा काढायचा

शौचाच्या नमुन्यात जंतांची अंडी आहेत की नाहीत, हे साध्या तपासणीतही कळतं. किती आहेत हे कळायला मात्र मलाचं माप ठरलेलं असावं लागतं. काटो-काट्झ पद्धतीत हे माप एका छोट्या भोकाच्या साच्याने घेतात, वर ग्लिसरीनमध्ये भिजवलेली सेलोफेनची पट्टी दाबतात आणि खालची सगळीच्या सगळी अंडी मोजतात. जाड थरावर सेलोफेन ठेवण्याची युक्ती काटो आणि मिउरा यांनी १९५४ मध्ये जपानमध्ये मांडली. ब्राझीलमध्ये काट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये त्याला मापाचा साचा जोडला. आज शेवटी हाती येतो तो आकडा म्हणजे ईपीजी, एका ग्रॅम मलामागे असलेली अंडी.

हा लेख पहिल्यांदाच स्लाइड करणाऱ्यांसाठी आहे. गुणाकार सोपा आहे. आकडा चुकतो तो बहुतेक वेळा त्याच्या आधी, म्हणजे साचा भरताना आणि स्लाइड उशिरा वाचताना. म्हणून त्या दोन जागी मी जास्त थांबणार आहे.

आधी साचा ओळखा

सर्वांत जास्त वापरात असलेल्या साच्याचं भोक ६ मिमी व्यासाचं असतं आणि साच्याची जाडी १.५ मिमी. या भोकात साधारण ४२ घनमिलिमीटर मल मावतो आणि त्याचं वजन ४१.७ मिग्रॅ धरलं जातं. एक ग्रॅम म्हणजे १,००० मिग्रॅ. १,००० ला ४१.७ ने भागलं की २४ येतात. ‘२४ ने गुणा’ हा नियम इथून आला आहे.

पण २४ हा आकडा साच्याचा आहे, पद्धतीचा नाही. ५० मिग्रॅचा साचा असेल तर गुणक २०, आणि २० मिग्रॅचा असेल तर ५०. साचे दिसायला बरेचसे सारखे असतात, त्यामुळे एकाच खोक्यात मिसळले जाऊ शकतात. काम सुरू करण्याआधी प्रत्येक साच्यावर त्याचं माप लिहा आणि एका कामासाठी एकाच मापाचे साचे टेबलावर ठेवा. साच्यावर काहीच छापलेलं नसेल आणि मिलिग्रॅम दाखवणारा वजनकाटा हाताशी असेल, तर पडताळणी अवघड नाही. कोरी स्लाइड तोला, साचा भरून उचला, पुन्हा तोला. असं दहा वेळा, दोन-तीन वेगवेगळ्या नमुन्यांवर करा आणि सरासरी काढा. १,००० भागिले ती सरासरी, हा तुमच्या साच्याचा खरा गुणक.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा. साचा वजन मोजत नाही, आकारमान मोजतो. त्यामुळे घट्ट मल आणि हवा भरलेला, हलका मल यांचं वजन एकाच भोकात थोडं वेगवेगळं भरतं. पद्धतीतली ही ढिलाई सगळ्यांनी मान्य केलेली आहे. तिच्यात आपल्या हाताची ढिलाई मिसळू द्यायची नाही, एवढं आपल्या हातात असतं.

आदल्या दिवशीची तयारी

सेलोफेन पाणी शोषणारा लागतो, ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा. पॅकिंगचा चकचकीत प्लास्टिक कागद चालत नाही, कारण त्यातून ग्लिसरीन आत झिरपत नाही. साधारण २५ × ३० मिमीच्या पट्ट्या कापा. १०० मिली ग्लिसरीन, १०० मिली डिस्टिल्ड पाणी आणि ३ टक्के मॅलकाइट ग्रीनचं १ मिली द्रावण एकत्र करून त्यात पट्ट्या निदान २४ तास बुडवून ठेवा. ग्लिसरीन मलाला पारदर्शक करतं. हिरवा रंग फक्त डोळ्यांना आराम देतो, अंडी रंगवत नाही. मॅलकाइट ग्रीनऐवजी मेथिलीन ब्लू वापरलं तरी चालतं.

नमुना ताजा हवा, शक्यतो त्याच दिवसाचा. तोवर तो थंड जागी ठेवा, पण गोठवू नका. फॉर्मलिनमध्ये ठेवलेला नमुना या पद्धतीला चालत नाही. पातळ जुलाबही चालत नाहीत, कारण साचा उचलताच सगळं पसरतं आणि मापाला अर्थ उरत नाही. अशा नमुन्यासमोर रजिस्टरमध्ये ‘पातळ, मोजणी केली नाही’ असं लिहा. शून्य लिहू नका.

हातमोजे घालूनच काम करा. सूक्ष्मदर्शकाला हात लावण्याआधी ते बदला. वापरलेले साचे, जाळ्या आणि चमचे जंतुनाशकात बुडवून मग धुवा.

स्लाइड करताना

स्लाइडवर नमुन्याचा क्रमांक आधी लिहा. एका नमुन्याच्या दोन स्लाइड्स करायच्या असतील तर त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणा.

रद्दी कागदावर शेंगदाण्याएवढा मल घ्या. त्यावर बारीक नायलॉनची किंवा स्टीलची जाळी ठेवून चपट्या पट्टीने वरून दाबा. तंतू आणि अन्नाचे जाड कण खाली राहतात, मऊ गाळलेला मल जाळीतून वर येतो. तोच पट्टीच्या कडेने खरवडून घ्यायचा. ईपीजीमधला ग्रॅम या गाळलेल्या मलाचा असतो, हे विसरू नका. कोणी एके दिवशी जाळी न वापरता साचा भरला, तर त्या दिवसाचे आकडे बाकीच्यांशी जुळवता येणार नाहीत.

आता साचा स्लाइडच्या मधोमध सपाट ठेवा. बोटाने घट्ट धरा, नाहीतर मल खालच्या फटीत शिरतो. भोक भरताना पट्टी तिरपी धरून मल एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे ढकलत न्या, म्हणजे आतली हवा पुढून बाहेर पडते. वरून नुसता गोळा थापला तर हवा तळाशी अडकते आणि वरून भोक भरलेलं दिसतं. भरून झाल्यावर पट्टी उभी धरून साच्यावरून एकदाच ओढा, जास्तीचा मल निघून जाईल.

साचा सरळ वर उचला. स्लाइडवर मलाची छोटी, उभ्या भिंतीची चकती राहिली पाहिजे. तिची कडा कुरतडलेली असेल, तळाशी पोकळी दिसत असेल किंवा बराच मल साच्याच्या भोकाला चिकटून आला असेल, तर ती स्लाइड टाकून द्या आणि नवी करा. हा निर्णय घेण्याची हीच वेळ आहे. सेलोफेन ठेवल्यावर अर्धवट भरलेली स्लाइड आणि पूर्ण भरलेली स्लाइड सारख्याच दिसतात.

सेलोफेनची पट्टी द्रावणातून चिमट्याने काढून बरणीच्या काठावर निथळा. थेंब गळत असतानाच ठेवली तर मल पातळ होऊन कडेने बाहेर वाहतो. पट्टी चकतीवर ठेवा, स्लाइड उलटी करा आणि गुळगुळीत फरशीवर किंवा दुसऱ्या स्लाइडवर सावकाश, सरळ दाबा. मल चारी बाजूंनी सारखा पसरेल. पट्टीच्या कडेबाहेर तो येता कामा नये, कारण बाहेर गेलेली अंडी मोजली जात नाहीत. स्लाइड उचलताना वर ओढू नका, बाजूला सरकवत काढा, नाहीतर सेलोफेन उखडतो. मग सेलोफेनची बाजू वर करून ठेवा. थर नीट झाला आहे की नाही, हे पाहायला स्लाइड छापील कागदावर धरा. थरातून अक्षरं वाचता आली पाहिजेत.

लगेच स्लाइडवर वेळ लिहा. पुढचं सगळं या वेळेवर अवलंबून आहे.

हुकवर्मचं घड्याळ

ग्लिसरीन मलाला जसं पारदर्शक करतं, तसंच हुकवर्म या जंताच्या पातळ कवचाच्या अंड्यालाही करतं. पहिल्या अर्ध्या तासात मलाचा रंग उतरतो आणि अंडं स्पष्ट दिसतं. नंतर तेच अंडं फिकट होत जातं, आक्रसतं आणि शेवटी दिसेनासं होतं. म्हणून हुकवर्म मोजायचा असेल तर स्लाइड केल्यापासून ३० ते ६० मिनिटांच्या आत वाचायची. उष्ण, कोरड्या हवेत अंडी आणखी लवकर जातात, तेव्हा अर्धा तास होताच सुरुवात करा.

अ‍ॅस्कॅरिस आणि ट्रायच्युरिस या जंतांच्या अंड्यांची कवचं जाड असतात. त्यांना घाई नसते, उलट तासाभराने ती अधिक स्वच्छ दिसतात. शिस्टोसोमा मॅनसोनीच्या बाबतीतही असंच, त्याची स्लाइड दुसऱ्या दिवशी वाचली तरी चालते. म्हणजे एकाच स्लाइडचं वाचन दोनदा होऊ शकतं, आधी फक्त हुकवर्म, नंतर बाकीचे.

यातून कामाचा वेग ठरतो. एका स्लाइडमधला हुकवर्म मोजायला सहा मिनिटं लागतात असं धरू. अर्ध्या तासाच्या खिडकीत एक माणूस पाच स्लाइड्स वाचू शकतो. सकाळी एका बैठकीत वीस स्लाइड्स करून ठेवल्या तर शेवटच्या स्लाइडची पाळी येईपर्यंत दोन तास उलटलेले असतात आणि तिच्यातला हुकवर्म आपोआप ‘कमी’ झालेला असतो. वाचणारा एकच असेल तर पाच-पाचच्या तुकड्या करा. नमुन्यांची रांग लागली तरी नमुने थंड जागी थांबवा, केलेल्या स्लाइड्स थांबवू नका. उशीर झाला आहे हे आकड्यांतूनही ओळखता येतं. प्रत्येक तुकडीतल्या पहिल्या स्लाइड्समध्ये हुकवर्म सापडतो आणि शेवटच्यांमध्ये सापडत नाही, असं वारंवार दिसलं, तर गावातला जंत बदललेला नाही, तुमची वाचनाची वेळ चुकते आहे.

ओळखणं आणि मोजणं

१० च्या ऑब्जेक्टिव्हवर मोजा, शंका आली तरच ४० वर जा. अ‍ॅस्कॅरिसचं अंडं तपकिरी, गोलसर, खडबडीत बाह्य आवरणाचं असतं. न फळलेलं अंडं मात्र लांबट असतं आणि त्याचं आवरण अनियमित असतं, तेही मोजायचंच. ट्रायच्युरिसचं अंडं पिंपाच्या आकाराचं, दोन्ही टोकांना पारदर्शक बूच. हुकवर्मचं लंबगोल, रंगहीन, पातळ एकेरी कवचाचं. आत पेशींचा पुंजका आणि कवच यांच्यामध्ये स्वच्छ जागा दिसते. शिस्टोसोमा मॅनसोनीचं अंडं या सगळ्यांहून मोठं आणि त्याच्या बाजूला ठसठशीत काटा. हवेचे बुडबुडे नवख्यांना फसवतात. बुडबुड्याची कडा काळी, जाड आणि अगदी सारखी असते, आणि आत काहीच नसतं.

मोजणी पूर्ण थराची करायची, निवडक भागाची नाही, कारण अंडी थरात सारखी पसरलेली नसतात. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून आडव्या ओळीने शेवटपर्यंत जा, मग एक दृश्यक्षेत्र खाली सरकून उलट दिशेने या. दोन ओळींच्या सीमेवर अर्धं कापलेलं अंडं दिसलं की गोंधळ होतो, त्यासाठी एक नियम धरा. दृश्याच्या खालच्या कडेला अर्धं दिसणारं अंडं मोजायचं, वरच्या कडेचं सोडायचं, कारण ते मागच्या ओळीत मोजून झालेलं असतं. प्रत्येक जातीसाठी वेगळा टॅली काउंटर ठेवा, किंवा एका फेरीत एकच जात मोजा. दोन जातींचे आकडे मनात धरून मोजू नका.

मोजणीपासून ईपीजीपर्यंत

समजा, एका मुलाच्या नमुन्याच्या ४१.७ मिग्रॅच्या साच्याने दोन स्लाइड्स केल्या. हुकवर्म ३५ मिनिटांनी मोजला, बाकीचे दोन तासांनी.

अ‍ॅस्कॅरिस: अ मध्ये २२६, ब मध्ये २१४.
ट्रायच्युरिस: अ मध्ये १४, ब मध्ये १९.
हुकवर्म: अ मध्ये ४१, ब मध्ये ५५.

एका स्लाइडसाठी सूत्र असं:

```
ईपीजी = मोजलेली अंडी × २४
```

दोन स्लाइड्स असतील तर आधी सरासरी काढून २४ ने गुणा, किंवा सरळ बेरीज करून १२ ने गुणा, उत्तर एकच येतं. अ‍ॅस्कॅरिसची बेरीज ४४०, म्हणून ५,२८० ईपीजी. ट्रायच्युरिसची ३३, म्हणून ३९६. हुकवर्मची ९६, म्हणून १,१५२.

आता हे आकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या तीव्रतेच्या पायऱ्यांवर बसवू. अ‍ॅस्कॅरिस ४,९९९ पर्यंत सौम्य, ५,००० ते ४९,९९९ मध्यम, त्यापुढे तीव्र. ट्रायच्युरिस ९९९ पर्यंत सौम्य, १,००० ते ९,९९९ मध्यम, १०,००० पासून तीव्र. हुकवर्म १,९९९ पर्यंत सौम्य, २,००० ते ३,९९९ मध्यम, ४,००० पासून तीव्र. म्हणजे या मुलाला अ‍ॅस्कॅरिसचा मध्यम आणि बाकी दोन्हींचा सौम्य संसर्ग आहे. प्रत्येक जात वेगळी नोंदवा, तिन्हींची बेरीज करून एकच ‘एकूण ईपीजी’ काढण्यात अर्थ नाही. एक अ‍ॅस्कॅरिस मादी हुकवर्मच्या मादीपेक्षा कितीतरी जास्त अंडी घालते, म्हणून तर पायऱ्याही वेगवेगळ्या आहेत.

याच उदाहरणात तीन चुका करून पाहू. साचा ४१.७ मिग्रॅचाच आहे, पण लिहिणाऱ्याने ५० मिग्रॅचा समजून २० ने गुणलं. सरासरी २२० गुणिले २० म्हणजे ४,४००, आणि मूल मध्यममधून सौम्यमध्ये गेलं. साच्याचं भोक दहा टक्के रिकामं राहिलं असतं तर गुणक बरोबर लावूनही साधारण ४,७५० आले असते, पुन्हा सौम्य. दोन्ही वेळा कागदावर आकडा स्वच्छ आणि पटण्यासारखा दिसतो. तिसरी चूक हुकवर्मची. समजा, अ स्लाइड दुसऱ्या दिवशी वाचली आणि ५ च अंडी दिसली, तर १२० ईपीजी येईल. पहिल्या दिवशी त्याच स्लाइडने ९८४ दाखवले होते.

दोन स्लाइड्स जुळत नसतील तर

एकाच मलाच्या दोन स्लाइड्समध्ये थोडा फरक असणारच. किती फरक सहज पडू शकतो, याचा ढोबळ अंदाज बेरजेच्या वर्गमुळावरून येतो. फरक वर्गमुळाच्या दुपटीच्या आत असेल तर चिंता नको. अ‍ॅस्कॅरिसची बेरीज ४४०, वर्गमूळ साधारण २१, दुप्पट ४२. आपला फरक १२, म्हणजे ठीक. हुकवर्मची बेरीज ९६, वर्गमूळ जवळपास १०, दुप्पट २०. फरक १४, तोही ठीक. अ मध्ये २२६ आणि ब मध्ये १२० आले असते तर मात्र थांबायला हवं होतं. आधी ब ची स्लाइड पुन्हा मोजायची, मग थराची कडा आणि बुडबुडे पाहायचे, आणि तरीही समजलं नाही तर तिसरी स्लाइड करायची. अंडी मलात गुठळीनेही असू शकतात, म्हणून मोठा फरक दरवेळी हाताचाच दोष असतो असं नाही. पण हात तपासल्याशिवाय गुठळीला दोष देऊ नका. सर्वेक्षणात साधारण दहा टक्के स्लाइड्स दुसऱ्या माणसाने, पहिला आकडा न पाहता पुन्हा मोजाव्यात. हुकवर्मसाठी हे वाचन त्याच तासात व्हायला हवं, नाहीतर तुलना फसवी होते.

शून्याचा अर्थ

एका स्लाइडवर एकही अंडं सापडलं नाही तर ४१.७ मिग्रॅ मलात अंडं नव्हतं, एवढंच आपल्याला माहीत असतं. एका ग्रॅममागे खरोखर २४ अंडी असतील तर प्रत्येक स्लाइडवर सरासरी एक अंडं यायला हवं. पण सरासरी एक म्हणजे दरवेळी एक नव्हे. अंडी मलात अगदी सारखी मिसळलेली असली तरी अशा शंभर स्लाइड्सपैकी ३७ वर शून्यच येईल. दोन स्लाइड्स केल्या तर दोन्ही शून्य येण्याची शक्यता शंभरात १३-१४ वर येते. अंडी गुठळीने असतील तर यापेक्षा जास्त. त्यात एकाच माणसाच्या मलातली अंडी रोज कमी-जास्त होतात, आणि त्याच नमुन्याची दुसरी स्लाइड हा रोजचा फरक पकडू शकत नाही. सौम्य संसर्ग चुकवायचा नसेल तर एका दिवसाच्या चार स्लाइड्सपेक्षा दोन दिवसांच्या दोन-दोन स्लाइड्स जास्त उपयोगी पडतात.

रजिस्टरमध्ये काय लिहायचं

नमुना क्रमांक, अ आणि ब स्लाइडची मूळ मोजणी प्रत्येक जातीसाठी वेगळी, स्लाइड केल्याची आणि वाचल्याची वेळ, साच्याचं माप, वाचणाऱ्याचं नाव. ईपीजीचा रकाना सगळ्यात शेवटी, आणि तो भरल्यावर मूळ मोजणी खोडायची नाही. पुढे कधी साच्याचं माप चुकीचं धरलं होतं असं लक्षात आलं, तर मूळ मोजणीवरून सगळं पुन्हा गुणता येतं.

दिवसाच्या शेवटी ईपीजीच्या रकान्यावरून एकदा नजर फिरवा. ४१.७ मिग्रॅच्या साच्याने एकेक स्लाइड वाचली असेल तर प्रत्येक आकड्याला २४ ने, आणि दोन स्लाइड्सची सरासरी असेल तर १२ ने, पूर्ण भाग गेला पाहिजे. यादीत १०० किंवा २५० असा ईपीजी दिसला, तर कुणीतरी वेगळा गुणक लावला आहे किंवा आकडा अंदाजाने गोल केला आहे. त्या ओळीची मूळ मोजणी त्याच दिवशी काढून पाहा.